भाड्याची नोटीस आणि खात्यावरचं नाव

नोटीस चिकटवली त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. आमच्या जिन्यातला बल्ब गेला तरी सगळे एकेक करून मला सांगून जातात, जसा काय तो बल्ब मीच खाल्लाय. आणि भाड्याची नोटीस लागली तर सगळे गप्प.

इमारत राजारामपुरीत आहे. लहानच आहे. खाली रस्त्याच्या अंगाला टेलरचं दुकान, त्याच्या शेजारी माझी पिठाची गिरणी होती, ती आता बंद. मागच्या दोन खोल्यांत मी राहतो. वर दोन बिऱ्हाडं. एकात दवाखान्यात नर्स असलेली बाई आणि तिची आई, दुसऱ्यात क्लासमध्ये गणित शिकवणारे सर. गिरणी मी बघायचो, इमारत बायको बघायची. मी चौथी शिकलेला. ती अकरावी झालेली, अक्षर मोत्यासारखं. भाडं घेणं, पावती फाडणं, सही करणं, घरपट्टी, पाणीपट्टी, सगळं तिच्याकडं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती जिन्याच्या खालच्या पायरीवर पाट टाकून बसायची. येईल त्याच्याकडून भाडं घ्यायचं, पावती द्यायची, आणि वर हातावर शेंगदाण्याचा लाडू. रविवारी अमावस्या आली तर भाडं घ्यायची नाही. "सोमवारी या," म्हणायची. मी हसायचो. आमच्या धंद्यात अमावस्येला काय लोकं भाकरी खात न्हाईत काय, म्हणायचो.

ती गेली त्याला वर्ष व्हायचं होतं. ती गेल्यावर भाडं माझ्याकडं यायला लागलं. मी घ्यायचो आणि पिठाच्या डब्याखाली ठेवायचो. पावतीपुस्तक तिच्या कपाटात होतं. ते कपाट मी उघडत नव्हतो. त्यामुळं पावत्या दिल्या नाहीत. कुणी मागितल्याही नाहीत. घरात माणूस गेलेलं, कोण मागणार.

माझा मुलगा पुण्याला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानं डबा उचलला आणि खाली नोटा बघून कपाळाला हात लावला.

"आबा, तुम्ही एकटे राहता. दार उघडं टाकून मळ्यात गेल्यासारखं फिरता. एखादा येऊन डब्यासकट घेऊन जाईल."

"पिठाचा डबा कोण चोरतंय?"

"आता भाडं बँकेत घ्यायचं. मी नोटीस करून देतो. तुम्ही फक्त सही करा आणि जिन्यात लावा."

त्यानं मोबाईलवर काहीतरी शोधलं, छापून आणलं. खात्याचा नंबर मी पासबुक बघून सांगितला. आमचं एकच खातं. सही केली. पीठ कालवून खळ केली आणि नोटीस जिन्यात चिकटवली. मुलगा पुण्याला गेला.

नोटीस अशी होती. येत्या महिन्यापासून रोख भाडं घेतलं जाणार नाही. भाडं दरमहा पाच तारखेच्या आत खालील खात्यात जमा करावं. बँकेतली नोंद हीच पावती समजावी, वेगळी पावती मिळणार नाही. मुदतीत भाडं जमा न झाल्यास भाडेकरार आपोआप संपुष्टात आल्याचं समजण्यात येईल. खाली खात्याचा नंबर, शाखा आणि ते इंग्रजी अक्षरांचं आयएफएससी. त्याखाली माझी सही. मी ती वाचली होती. पण लग्नपत्रिका वाचतो तशी वाचली होती, सगळं नेहमीचंच असणार म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलर दारात आला. हा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याचा बाप आमच्या दुकानात ब्लाउज शिवायचा, तेव्हा हा काजं करायला बसायचा. त्याला सगळं गाव मास्तर म्हणतं. मला तो आण्णा म्हणतो.

"मालक, हाईसा काय घरात?"

मी चहा गाळत होतो. गाळणं तसंच हातात राहिलं. आजपर्यंत त्यानं मला मालक म्हटलेलं नव्हतं.

"कोण मालक आलाय रं? मला बी बघू दे."

"तुमीच की. नोटीस मालकच काढतात."

"ये आत. चहा घे."

"चहा नको. उभ्यानंच बोलतो." त्यानं चप्पल काढली नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "सरळ सांगा. बिल्डर बघितलाय काय?"

"कसला बिल्डर?"

"मग करार संपला असं कशाला लिवलंय? माझा कुठला करार हाय? माझ्याकडं हायत त्या पावत्या. बापाच्या काळापासनं वहिनींनी दिलेल्या. त्याच माझं दुकान. आणि तुमी म्हणताय, आता पावती न्हाय."

"अरे, बँकेत नोंद येती की."

"नोंद कुणाच्या नावानं येती?" त्यानं बोट माझ्याकडं केलं. "दुकानात ते स्कॅन करायचं लावलंय, त्याचं पैसे पोराच्या खात्यात जातात. पोरगं इचलकरंजीत मागावर कामाला हाय. भाडं मी भरणार ते त्याच्या खात्यातनं भरणार. तुमच्या बँकेत त्याचं नाव येणार. उद्या तुमचा पोरगा कोर्टात म्हणणार, दुकानात हा कोण भलताच माणूस भाडं भरतोय, टेलरनं दुकान दुसऱ्याला दिलं. मग मी काय दाखवू? टेप?"

मला राग आला. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणूनच आला असेल.

"माझा पोरगा कोर्टात जाणारा वाटतोय तुला?"

"पोरगा न्हाय जाणार. कागद जातोय. वहिनी गेल्यापासनं एक पावती दिली न्हाईसा. मी गप बसलो. म्हटलं आण्णांच्या डोक्यावर डोंगर हाय. आणि आता हे." तो जरा थांबला. "हुपरीचा मेव्हणा कोर्टात शिपाई हाय. त्यानं वकील बघून दिलाय. शनिवारी जातोय."

"जा की. शनिवारी कशाला, आजच जा."

"जातो की. पण त्याआधी एक रुपया टाकून बघतो. तुमचं खातं खरं हाय का खोटं, तेवढं तरी कळू दे."

तो शर्टाच्या खिशातून मोबाईल काढून चष्मा कपाळावरून खाली ओढत उंबऱ्यावरच बसला. जिन्यातल्या नोटिशीचा फोटो त्यानं काढून ठेवला होता. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत त्यानं दाबला. मी चहा ओतून त्याच्या बाजूला ठेवला. तो त्यानं घेतला नाही.

मग त्यानं मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"काय झालं? खोटं निघालं?"

त्यानं बोट दाबलं. आणि आतल्या खोलीत, देवळीत, फोटोच्या बाजूला ठेवलेला तिचा फोन वाजला. टिंग.

तिचा फोन मी रोज चार्जिंगला लावत होतो. कशाला, ते मला कुणी विचारू नये. तिला फोन करणाऱ्या बायकांचे फोन यायचे कधी कधी, ज्यांना कळलं नव्हतं अशांचे. बँकेचे मेसेज त्याच नंबरवर यायचे. खात्याला तिचाच नंबर दिलेला. माझ्याकडं साधा बटणांचा फोन.

"आण्णा," मास्तर म्हणाला. तोंडातला मालक गेला होता. "हितं वहिनींचं नाव येतंय."

मी म्हणालो, "मग कुणाचं येणार? खातं आमचं आहे. तिचं पहिलं नाव, माझं दुसरं."

"पण वहिनी..." त्यानं पुढचं गिळलं. मग हळू म्हणाला, "बँकेला सांगितलंय का?"

"काय सांगायचं बँकेला?"

"आण्णा, मयत माणसाच्या नावावर मी भाडं कसं टाकू? उद्या बँकेला कळलं आणि खातं अडकवून ठेवलं तर? पैसे माझ्याकडनं गेले, तुमच्या हातात आले न्हाईत. पाच तारीख गेली. पावती तर देणारच न्हाई म्हणून लिवलंय. मी दुकानातनं बाहेर."

त्याचं म्हणणं खरं होतं आणि ते मला सोसवत नव्हतं. म्हणून मी नको ते बोललो.

"तुझ्या पावतीवर अजून तुझ्या बापाचं नाव आहे. तो जाऊन किती वर्षं झाली? तिथं मयत माणूस चालतोय, आणि माझ्या खात्यावर न्हाय चालत?"

तो उठला. चष्मा कपाळावर सरकवला. चहावर साय धरली होती.

"शनिवारी जातो," एवढंच म्हणाला आणि गेला. जाताना जिन्यातल्या नोटिशीचा एक कोपरा त्यानं नखानं उचकटलेला मला दिसला. फाडली मात्र नाही.

त्या दिवशी दुपारी मी मुलाला फोन लावला.

"हे करार संपुष्टात वगैरे तू लिहिलंस का?"

"नाही आबा. नेटवर नमुना होता. फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारानं देतात ना, त्यांच्यासाठीचा. मी नुसता खात्याचा नंबर घातला."

"मास्तर वकिलाकडं निघालाय."

"मास्तर?" त्यानं विचारलं. लहानपणी त्याच्या सगळ्या चड्ड्या मास्तरनंच शिवलेल्या. "आबा, मी इथं एकाला विचारतो."

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज पडलेला होता. त्याच्या ओळखीच्या वकिलानं त्याला झाडलं होतं. जुन्या भाडेकरूला असं नुसत्या नोटिशीत करार संपला म्हणता येत नाही आणि भाडं कसंही घेतलं तरी मालकाला पावती द्यावीच लागते, कायदाच आहे.

"ती नोटीस काढून टाका आबा. दुसरी करू. आणि खातं नुसतं तुमच्या नावाचं पाहिजे. आईचं राहू दे तसंच. तुम्ही नवीन काढा. सोपं पडेल."

सोपं पडेल हे त्यानं माझ्यासाठी म्हटलं होतं, हे मला कळलं. मला ते आवडलंही. तिचं खातं तसंच राहील, तिचा फोन वाजत राहील, भाडं दुसरीकडं जाईल. कुणाला काही खोडायला लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी आधार कार्ड, पॅन कार्ड, फोटो आणि पासबुक घेऊन बँकेत गेलो. काचेच्या पलीकडं एक तरुण मुलगी होती. नवीन खातं काढायचंय म्हणालो. तिनं कार्डाचे नंबर टाकले आणि म्हणाली, "काका, तुमचं आहे की खातं आमच्याकडं. जॉइंट आहे. काकूंचं पहिलं नाव. यातच काय अडचण आहे?"

मी म्हणालो, "काही अडचण नाही. मला वेगळं पाहिजे."

"का पण? काकूंना विचारलं का?" ती हसून म्हणाली. थट्टाच होती. नवराबायकोची भांडणं त्यांच्याकडं रोज येत असतील.

मला खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ती मुलगी हसत होती आणि उत्तराची वाट बघत होती, आणि मागं रांगेत माणसं होती.

"ती नाही आता," मी म्हणालो.

तिचं हसू एकदम गेलं. तिनं खुर्ची जवळ ओढायला सांगितली. मग हळू आवाजात समजावलं, लहान मुलाला सांगतात तसं. खातं दोघांपैकी कुणीही किंवा मागं राहील त्यानं चालवायचं असं आहे, त्यामुळं पैसे कुठं जाणार नाहीत, तुमचेच आहेत. पण आम्हाला कळल्यावर नोंद करावीच लागते. मृत्यूचा दाखला द्या, अर्ज द्या, त्यांचं नाव कमी होईल, नंबर हाच राहील. नवीन खात्याची गरजच नाही.

"आजच करायला पाहिजे?"

"आज नको असेल तर उद्या करा काका. पण करा."

दाखला माझ्याजवळ होता. घडी करून पासबुकाच्या प्लॅस्टिकमध्येच ठेवलेला. महापालिकेतून आणला त्या दिवसापासून तिथंच. त्या मुलीनं तो बघितला असणार, पण काढा म्हणाली नाही. शनिवार उद्यावर आला होता. मास्तर शनिवारी म्हणाला की शनिवारीच जाणार, तो दिलेल्या तारखेला ब्लाउज देतो. मी दाखला काढला.

अर्ज तिनंच भरला, मी सांगत गेलो. नाव कमी करावयाच्या खातेदाराचं पूर्ण नाव, असा रकाना होता. तिनं ते लिहिलं. बायकोचं नाव, मधे माझं, मग आडनाव. त्याच्या खाली, राहणाऱ्या खातेदाराचं पूर्ण नाव. माझं, मधे माझ्या बापाचं, मग आडनाव. मी त्या दोन ओळींकडं बघत बसलो. तिच्या नावात मी मधोमध होतो. माझ्या नावात ती कुठंच नव्हती. वरची ओळ गेली की झालं.

"काका, सही."

मी सही केली. वारस म्हणून कुणाचं नाव घालू विचारलं, तर मुलाचं घाला म्हणालो. फोन नंबर कुठला ठेवू विचारलं. तिचाच ठेवा म्हणालो. ती मुलगी म्हणाली, सिम तुमच्याजवळ चालू असेल आणि मेसेज तुम्ही बघणार असाल तर ठेवू, पण सिम त्यांच्या नावावर असेल, तेही एकदा तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर कंपनी कधीतरी बंद करेल. तेही करावं लागणार होतं. एक माणूस किती ठिकाणी असतं.

नाव कमी व्हायला काही दिवस लागतील म्हणाली. अर्जाची पोच दिली, शिक्का मारून.

घरी आलो तेव्हा दुकानात मशीन चालू होतं. मी पोच मास्तरच्या कापडावर ठेवली. त्यानं पाय थांबवला. वाचली. शिक्का बघितला. पुन्हा वाचली.

"म्हंजे काढलं?"

"काढायला दिलं."

त्यानं पोच हळूच उचलून माझ्या हातात दिली, तिला लागलेला खडू झाडून.

"वकील अजून हाय उद्याचा?" मी विचारलं.

"नोटीस अजून जिन्यात हाय," तो म्हणाला.

एवढं बरोबर होतं. मी जिन्यात गेलो आणि पाण्यानं भिजवून नोटीस खरवडून काढली. पिठाची खळ माझीच, चांगली चिकट. सिस्टर दवाखान्यातून येत होत्या, वर जाता जाता थांबल्या.

"काका, निघाली का ती? बरं झालं. आई दोन दिवस झोपली नाही. मला म्हणते, सामान बांध."

"तुम्ही का नाही बोलला मला?"

"तुमच्याशी सध्या कोण बोलणार? दारातून बघितलं तरी खेकसता."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण दुसऱ्यांना दिसतं हे माहीत नव्हतं. मी त्यांना म्हणालो, नवी लिहायची आहे, माझ्याच हातानं, रात्री जेवण झाल्यावर खाली या. मास्तरलाही बोलावलं. सरांचा क्लास होता, ते म्हणाले तुम्ही ठरवा, मला चालतंय.

आम्ही तिघं जिन्यात बसलो. खालच्या पायरीवर कुणी बसलं नाही. मी शाळेच्या वहीचा कागद घेतला. लिहायची सवय नाही, एकेक ओळीला वेळ लागायचा, आणि हे दोघं माझ्या डोक्यावरून बघत होते.

मी पहिलं लिहिलं, भाडं आणि भाड्याच्या अटी होत्या त्याच राहतील, फक्त भरायची पद्धत बदलते आहे. मास्तरनं ते दोनदा वाचून घेतलं.

"हे वर घ्या. सगळ्यात वर," तो म्हणाला.

"वरच आहे की."

"ठळक करा."

मी त्यावरून पेन पुन्हा फिरवलं.

मग खातं. नंबर, शाखा, आयएफएससी, आणि खातेदाराचं नाव बँकेत आहे तसं पूर्ण. पैसे टाकताना हेच नाव दिसलं पाहिजे, दुसरं दिसलं तर टाकू नये. सिस्टर म्हणाल्या, अजून एक घाला काका. आमच्या दवाखान्यातल्या एकीला मेसेज आला, मालकाचं खातं बदललंय, इकडं पाठवा. तिनं पाठवले. गेले. तर असं लिहा की खातं बदललं तर माझ्या सहीचा कागद मी स्वतः हातात देईन, फोनवर किंवा मेसेजवर आलेलं कुणी खरं धरू नये. घातलं.

तारखेवर अडलं. पाच तारीख सिस्टरना जमत नव्हती, त्यांचा पगार त्यानंतर. मास्तरला दहा चालत होती.

"आणि त्या दिवशी अमावस्या आली तर?" मास्तरनं विचारलं.

तो चेष्टा करतोय की खरं विचारतोय ते मला कळेना. सिस्टर तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"दहाच्या आत म्हटलंय. आधी टाक. बँक अमावस्या पाळत न्हाय."

"वहिनी पाळायच्या."

"म्हणून आत म्हटलंय." मी ते तसंच लिहिलं, दरमहा दहा तारखेपर्यंत, आधी भरलं तर उत्तम. आणि बँकेच्या अडचणीनं पैसे गेले नाहीत तर त्या महिन्याचं भाडं रोख घेईन, पावती देऊन. उशीर झाला म्हणून कुणाला घालवणार असं कुठंही लिहिलं नाही. मुलगा फोनवर म्हणाला होता, काहीतरी धाक ठेवा आबा. मी म्हणालो, धाक मीच आहे, सिस्टरना विचार.

शेवटी पावती. पैसे आल्याचा मेसेज बघितला की दोन दिवसांत पावती हातात देणार. त्यावर महिना, रक्कम, बँकेतून आल्याची तारीख आणि बँकेचा व्यवहार नंबर. ती गेल्यापासून ज्या महिन्यांच्या पावत्या राहिल्या त्याही याच आठवड्यात देणार. हे मी आपणहून लिहिलं. मास्तरनं मान खाली घातली.

"कुणाच्याबी खात्यातनं पैसे आले तरी पावती भाडेकरूच्याच नावानं," तो म्हणाला. "हे लिवा. पोराच्या खात्यातनं येणार हायत."

लिहिलं. मग मी पेन थांबवलं.

"भाडेकरूच्या म्हणजे कुणाच्या? तुझ्या पावतीवर बापाचं नाव आहे."

"ते राहू दे आता. काल बोललासा ते बस झालं."

"बोललो ते चुकलं. पण विचारतोय. तुझ्या नावानं फाडू का? हितनं पुढं?"

त्याला पाहिजे होतं. बापामागं दुकान तो चालवत होता आणि कागदावर तो कुठंच नव्हता, ही भीती त्याच्या पोटात नोटिशीच्या आधीपासून असणार. तरी तो लगेच हो म्हणाला नाही. जिन्याच्या कठड्यावर अंगठ्याचं नख घासत बसला.

"बापाचं नाव जाणार मग."

"कुठं जातंय? तुझ्या नावात मधे हाय की."

हे बोललो आणि मी पेन खाली ठेवलं. सिस्टरनी कागद माझ्याकडून घेतला, आणि खाली भाडेकरूंची पूर्ण नावं त्यांनी लिहिली. मास्तरचं त्याच्या बापासकट. मी सही केली. सकाळी झेरॉक्स काढून प्रत्येकाला एक दिली, आणि माझ्या प्रतीवर मिळाली म्हणून त्यांच्या सह्या घेतल्या. जिन्यात लावली नाही. खात्याचा नंबर जिन्यात लावायची गोष्ट नाही, हे सिस्टरनीच सांगितलं.

शनिवारी मास्तर वकिलाकडं गेला. मला वाटलं होतं जाणार नाही. गेला, आणि नवी नोटीस दाखवून आला.

"काय म्हणाला वकील?"

"कुणी लिवली विचारलं. मी म्हटलं गिरणीवाल्यानं. तर म्हणाला, ठेव जपून."

पावतीपुस्तक काढायला मी कपाट उघडलं. वास होता तिच्या लुगड्यांचा. पुस्तकात कार्बन ती जिथं ठेवून गेली तिथंच होता. राहिलेल्या पावत्या लिहायला सगळी दुपार गेली. तिच्या शेवटच्या पावतीच्या पुढं माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. मास्तरच्या मागच्या पावत्या त्याच्या बापाच्याच नावानं केल्या, नोटीस पुढच्या महिन्यापासूनची होती. सहीच्या जागी ती नेहमी नाव लिहून खाली रेघ ओढायची. मी नुसतं नाव लिहिलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तर आला. चप्पल काढून आत आला. तिचं नाव कमी झाल्याचा बँकेचा मेसेज मला आधी येऊन गेला होता, तिच्याच फोनवर.

"रुपया टाकून बघतो," तो म्हणाला.

"बघ."

त्यानं आकडे दाबले, या वेळी मनातल्या मनात. मोबाईल जवळ धरला, लांब धरला. मी खिडकीबाहेर बघत होतो. कुठलं नाव येणार ते मला माहीत होतं, मीच घालायला सांगितलं होतं.

"आलं," तो म्हणाला. "तुमचं हाय."

देवळीत फोन वाजला. मग त्यानं उरलेलं भाडं पाठवलं, एक रुपया कमी करून. फोन पुन्हा वाजला. मी तो उचलला, चष्मा लावला, रक्कम बघितली, बेरीज बरोबर होती. पावती लिहिली, त्याच्या नावानं. त्यानं ती वाचली. पूर्ण नाव ओठांत म्हटलं.

"आणि मागं टाकलेला तो पहिला रुपया?" मी विचारलं. "तो खात्यात पडलाय. तो तुला कमी करायला पाहिजे."

त्यानं पावतीची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात दाबून धरला.

"तो वहिनींच्या नावानं गेला," म्हणाला. "त्याची पावती नको."

मी लाडवांचा डबा पुढं केला. विकतचे लाडू होते, गोड जास्त. त्यानं एक घेतला, खाल्ला, आणि चांगला नाही असं स्पष्ट सांगितलं.